चौकटीत राहिलेली चप्पल

प्रश्न : आजीच्या पायांना मुंग्या येतात असा मला संशय आहे, पण ती काही बोलत नाही. कसे ओळखावे?

माझ्या आजीने हे दुखणे जवळजवळ दोन वर्षे आमच्यापासून लपवले, म्हणून मला ते कसे कळले तेच सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीत मी वाईला गेले होते. आजी एकाहत्तर वर्षांची, चौदा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू आणि जेवण संपूर्ण शाकाहारी. सकाळी ती फुले काढायला अंगणात निघाली, तेव्हा डाव्या पायातली चप्पल दाराच्या चौकटीपाशीच राहिली आणि ती तशीच, एक पाय अनवाणी, जास्वंदीपर्यंत चालत गेली. मी हाक मारली, "आजी, चप्पल!" तेव्हा तिने आधी खाली वाकून पायाकडे पाहिले आणि मगच तिला कळले. पायातून चप्पल निसटलेली माणसाला बघून समजावी, याचे मला फार वाईट वाटले.

मग मी लक्ष ठेवू लागले. तोंड धुताना डोळे मिटले की तिचा तोल जायचा आणि ती बेसिनची कड घट्ट धरायची. याचे कारण नंतर समजले. तळव्यांकडून मेंदूला खबर पोहोचेनाशी झाली की माणूस डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो, आणि डोळे मिटले की तो आधारही जातो. रात्री ती पाय पांघरुणाबाहेर ठेवून बराच वेळ जागी असायची. विचारले तर म्हणायची, "अगं, वयच झालंय आता. तू झोप बघू."

तिसऱ्या रात्री मी तिला पलंगावर आडवे करून डोळे मिटायला सांगितले. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा जागांना माझ्या बोटाचे टोक अगदी हलके, एक-दोन सेकंद लावले आणि जाणवले की "हो" म्हण असे सांगितले. (या चाचणीला इप्सविच टच टेस्ट म्हणतात. दाबायचे नाही, टोचायचे नाही आणि एका जागी पुन्हा लावून पाहायचे नाही. सहापैकी दोन किंवा अधिक जागा जाणवल्या नाहीत, तर संवेदना कमी झाली आहे असे धरतात.) आजीने दोनदाच "हो" म्हटले. मी हात काढून घेतल्यावरही ती डोळे मिटून पुढच्या स्पर्शाची वाट पाहत राहिली होती.

तेव्हा ती बोलली. तिच्या थोरल्या भावाचा पाय मधुमेहात घोट्यापासून काढावा लागला होता. "सांगितलं की दवाखान्यात नेतील आणि माझाही पाय कापतील," ही भीती तिने मनात धरून ठेवली होती. खरे तर बधिर पायाला झालेली जखम दुखत नाही, म्हणून ती नजरेतून सुटते, चिघळते आणि त्यातूनच पाय गमावण्याची वेळ येते. भावाचे तसेच झाले होते, हे मी तिला सावकाश समजावले.

डॉक्टरांनी नायलॉनचा जाड धागा वाकेपर्यंत तळव्यावर टेकवून आणि कंप पावणारा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून तपासले. कंप तिला अंगठ्यावर कळला नाही, घोट्यावर कळला. रक्तात तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ९.१ आली, म्हणजे बरीच जास्त, आणि बी-१२ जीवनसत्त्व १४८, म्हणजे बरेच कमी. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ कमी शोषले जाते, त्यात आहार शाकाहारी. त्यामुळे सगळा दोष साखरेवर टाकून ही तपासणी राहून जाऊ देऊ नका, कारण ही उणीव भरून काढता येते. तिला बी-१२ ची इंजेक्शने दिली, साखरेच्या गोळ्या बदलल्या आणि मऊ एमसीआर रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला घ्यायला सांगितल्या.

चार महिन्यांत रात्रीच्या मुंग्या पुष्कळ कमी झाल्या आणि ती सलग झोपू लागली. बोटांचा बधिरपणा मात्र अजून आहे आणि तो पूर्ण जाईलच असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. म्हणून गरम पाण्याची पिशवी घरातून काढून टाकली, आंघोळीचे पाणी ती आधी कोपराने पाहते आणि रोज रात्री आई तिचे तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात तपासते. फोड, चीर किंवा लाली दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना.

तुमच्या आजीला "पाय दुखतात का?" असे विचारू नका, माझी आजी "नाही" म्हणायची आणि ते खरेच होते, बधिर पाय दुखतोच असे नाही. तिच्या चपलेकडे पाहा. मागच्या महिन्यात आमच्या आजीने चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकली, तर आतून एक चिंचोका पडला. तो तिने उचलून मला दाखवला आणि म्हणाली, "हा बघ, दिवसभर तसाच टोचला असता."