डेल्टाच्या छोट्या ट्रेनर किटवर पीएलसीची पहिली चार प्रॅक्टिकल्स कशी घ्यावीत?

प्रश्न: इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला पीएलसी पहिल्यांदाच शिकवायचं आहे. डेल्टाचे तीन छोटे ट्रेनर किट आहेत, ८ इनपुट आणि ६ आउटपुटचे. बॅचमध्ये २० मुलं आणि दोन-दोन तासांची चार प्रॅक्टिकल्स मिळणार आहेत. लेसन प्लॅन कसा आखू?

उत्तर: आधी सात-आठ वर्षं पॅनलच्या सर्व्हिसिंगमध्ये काढली आणि मग शिकवायला आलो, त्यामुळे माझा प्लॅन थोडा एकांगी वाटेल. चारही प्रॅक्टिकल्स मी एकाच सर्किटवर घेतो: स्टार्ट-स्टॉप. मुलांनी स्विचगिअर लॅबमध्ये डीओएल स्टार्टर जोडलेला असतो, म्हणजे सर्किट ओळखीचं असतं आणि नवीन फक्त पीएलसी असतो. ट्रॅफिक सिग्नल, लिफ्ट, बॉटल फिलिंग हे सगळं नंतर. पहिल्याच दिवशी ट्रॅफिक सिग्नल घेतला की मुलं तयार प्रोग्रॅम उतरवून घेतात, दिवे लागतात, सगळे खूश होतात, आणि तोंडी परीक्षेत ‘X1 म्हणजे काय’ विचारलं की वर बघतात.

तयारीची एक गोष्ट आधीच बघा. बऱ्याच किटवर टॉगल स्विच असतात किंवा सगळी पुश बटणं एनओ असतात. पॅनलवर वापरतात तशी दोन-तीन साधी पुश बटणं एनसी एलिमेंटसह आणून ठेवा. लाल एलिमेंट एनसी, हिरवं एनओ. खर्च किरकोळ आहे, पण एनसी बटण नसेल तर खाली सांगतोय त्यातलं अर्धंअधिक शिकवताच येत नाही.

पहिलं प्रॅक्टिकल कॉम्प्युटर बंद ठेवून घ्या. फळ्यावर डीओएलचं कंट्रोल सर्किट काढायला मुलांनाच सांगा: एनसी स्टॉप, एनओ स्टार्ट, त्याला समांतर होल्डिंग कॉन्टॅक्ट, पुढे कॉइल. मग विचारा, दुसरी मोटर पाच सेकंदांनी सुरू करायची तर काय काय वाढेल? टायमर आणि वायरी मोजून झाल्या की पीएलसी कशासाठी असतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग किट चालू करा, पण पीएलसीवरचा छोटा स्विच STOP वर ठेवा. इनपुटचे एलईडी त्याही स्थितीत लागतात आणि आत्ता आपल्याला तेवढंच हवंय. स्टार्टचं एनओ बटण X0 ला, स्टॉपचं एनसी बटण X1 ला. वीजप्रवाहाचा रस्ता पुरा व्हायचा तर S/S टर्मिनल जोडावंच लागतं: बटणातून २४ व्होल्ट इनपुटला देत असाल तर S/S ला ० व्होल्ट. काही किटवर ही जोडणी आतून केलेली असते. ती बाहेर काढलेली असेल तर मी मुद्दाम सांगत नाही. बटण दाबलं, एलईडी लागत नाही, मुलं पॅच कॉर्ड बदलून बघतात, दहा मिनिटं जातात. कुणीतरी म्हणतं, ‘सर, परत जायला वायरच नाहीये.’ ती दहा मिनिटं वाया गेली असं समजू नका.

शेवटी प्रत्येकाच्या वहीत एक छोटा तक्ता यायला हवा. काही न दाबता: X0 चा एलईडी बंद, X1 चा चालू. दाबल्यावर: X0 चालू, X1 बंद. स्टॉपला हातही लावलेला नसताना X1 चा दिवा लागलेला आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

दुसरं प्रॅक्टिकल सगळ्यात महत्त्वाचं, त्याला पूर्ण दोन तास द्या. डेल्टाचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर WPLSoft उघडायचं आणि स्टार्ट-स्टॉपचं लॅडर काढायला सांगायचं. मदत करू नका. बहुतेक मुलं X1 साठी एनसी कॉन्टॅक्ट काढतात. त्यांचा तर्क सरळ असतो: बटण एनसी आहे, सर्किटमध्ये एनसी काढतो, मग लॅडरमध्येही एनसी. प्रोग्रॅम डाउनलोड करू द्या, RUN वर टाकू द्या. स्टार्ट दाबला, काही नाही. पुन्हा दाबला, तरी काही नाही. मग त्यांना स्टॉप दाबून धरायला सांगा आणि तसाच स्टार्ट दाबायला सांगा. दिवा लागतो! स्टॉप सोडला की विझतो. वर्गात हसू फुटतं, आणि तेव्हाच मी वहीतला तक्ता उघडायला लावतो.

लॅडरमधलं चिन्ह हे बटणाचं चित्र नाही, तो पीएलसीला विचारलेला प्रश्न आहे. एनओ चिन्ह विचारतं, ‘X1 आत्ता १ आहे का?’ एनसी चिन्ह विचारतं, ‘X1 आत्ता ० आहे का?’ स्टॉप न दाबता X1 वर २४ व्होल्ट येतात, म्हणजे तो १ असतो. मोटर चालायला हवी ती X1 एक असतानाच, म्हणून लॅडरमध्ये एनओ. बरोबर प्रोग्रॅम असा:

```
LD   X0
OR   Y0
AND  X1
OUT  Y0
```

इथे हुशार मूल हमखास म्हणतं, ‘सर, एवढा घोळ कशाला? स्टॉपसुद्धा एनओ लावू आणि लॅडरमध्ये एनसी काढू, चालतं की.’ चालतंच. एका किटवर तसं करायलाच लावा, शेजारच्या किटवर वरचा प्रोग्रॅम. दोन्हीकडे स्टार्ट दाबा, दोन्ही दिवे लागतील. स्टॉप दाबा, दोन्ही विझतील. काहीच फरक नाही. आता पुन्हा सुरू करा आणि दोन्ही किटवरून X1 ची पॅच कॉर्ड उपटा.

एनसी बटणाच्या किटवर दिवा लगेच विझतो. दुसऱ्यावर तो लागलेलाच राहतो, आणि आता स्टॉप कितीही दाबा, विझत नाही. एका पॅकिंग लाइनवर मी हे खरोखर पाहिलंय. बटण बदलताना कुणीतरी हाताशी होतं ते एनओ एलिमेंट बसवलं होतं आणि त्याप्रमाणे प्रोग्रॅमही ‘दुरुस्त’ केला होता. काही महिन्यांनी कंपनाने टर्मिनल सैल झालं. ऑपरेटर स्टॉप दाबतोय आणि पट्टा चाललाय. शेवटी पॅनलपर्यंत पळत जाऊन मेन बंद करावा लागला. वायर तुटली तर यंत्र थांबलं पाहिजे, म्हणून स्टॉप एनसी. सोबत एवढंही सांगून ठेवा की इमर्जन्सी स्टॉप फक्त पीएलसीच्या भरवशावर सोडत नाहीत. तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा थेट तोडतो आणि पीएलसीला नुसती खबर देतो.

तिसरं प्रॅक्टिकल स्कॅनचं. पुस्तकातली गोल बाणांची आकृती मुलं पाठ करतात, त्यापेक्षा ह्या चार ओळी द्या:

```
LD   X2
OUT  Y2
LD   X3
OUT  Y2
```

चालवण्याआधी लिहून घ्या: X2 दाबल्यावर Y2 लागेल का? जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणतात. लागत नाही. X3 दाबला की मात्र लागतो. सॉफ्टवेअरने दोनदा वापरलेल्या कॉइलबद्दल सूचना दिली तर ती वाचायला लावा, पण प्रयोग पुरा करा.

कारण समजवताना मी दुकानाच्या वाणसामानाची यादी वापरतो. पीएलसी आधी सगळे इनपुट एकदाच बघून टिपून घेतो. मग प्रोग्रॅम वरून खाली वाचत जातो आणि प्रत्येक आउटपुटचं उत्तर यादीत लिहितो. पहिल्या ओळीत Y2 पुढे ‘चालू’ लिहिलं, दुसऱ्या ओळीत X3 बंद दिसला म्हणून तेच खोडून ‘बंद’ लिहिलं. यादी पुरी झाल्यावरच ती आउटपुटच्या हाती जाते. रिलेला मधलं खोडलेलं कधी दिसतच नाही. एक आउटपुट, एकच कॉइल. दोन अटी हव्या असतील तर त्या एकाच ओळीत समांतर जोडायच्या. ‘किती वेळात?’ असं कुणी विचारलं तर मॉनिटरिंगमध्ये D1010 उघडून दाखवा, चालू स्कॅनचा वेळ तिथे दिसतो. एकक ०.१ मिलिसेकंद आहे हे सांगायला विसरू नका, नाहीतर मुलं आकडा दहापट वाचतात.

चौथ्या प्रॅक्टिकलला पहिला अर्धा तास टायमर. पहिल्या दिवशीची दुसरी मोटर आता येते, आणि नवीन वायर फक्त Y1 ची:

```
LD   Y0
TMR  T0 K50
LD   T0
OUT  Y1
```

T0 हा १०० मिलिसेकंदांच्या टप्प्याने मोजतो, म्हणून पाच सेकंदांसाठी K50. तीन सेकंदांवर स्टॉप दाबून मोजणी शून्यावर जाते हे दाखवा, एवढं पुरे.

उरलेला वेळ बिघाड शोधण्याचा, आणि मी मार्कही इथेच देतो. मुलांना बाहेर काढून प्रत्येक किटवर एक खोडी करून ठेवतो: स्टॉपची कॉर्ड ढिली, आउटपुटचा कॉमन काढलेला, पीएलसी STOP वर, किंवा प्रोग्रॅममध्ये X0 च्या जागी X4. नियम एकच. कशालाही हात लावण्याआधी साखळी वाचायची: बटण, इनपुटचा एलईडी, स्क्रीनवरचं मॉनिटरिंग, आउटपुटचा एलईडी, बाहेरचा दिवा. बटण दाबून इनपुटचा एलईडी बदलत नसेल तर दोष बाहेरच्या वायरिंगमध्ये, प्रोग्रॅम चाळत बसू नका. आउटपुटचा एलईडी लागतोय पण दिवा नाही, तर बहुतेक वेळा कॉमनला पुरवठाच नाही. इनपुटचा एलईडी बरोबर बदलतोय पण आउटपुटचा मनासारखा नाही, तेव्हाच मधल्या प्रोग्रॅमकडे जायचं. दोष सापडला पण कडी सांगता आली नाही, तर अर्धेच मार्क.

२० मुलांचं गणित असं बसतं. किटमागे सहा-सात जण येतात, त्यातले दोघं काम करतात आणि बाकीचे मोबाईल बघतात. म्हणून गटातले तिघं किटवर, बाकीचे शेजारच्या कॉम्प्युटरवर WPLSoft च्या सिम्युलेटरमध्ये तोच प्रोग्रॅम चालवतात, आणि अर्ध्या तासाने अदलाबदल. अंदाज मात्र प्रत्येकाने आपल्या वहीत, चालवण्याआधी, पेनने लिहायचा. वायर उपटण्याचा प्रयोग सिम्युलेटरवर जमत नाही, तेव्हा सगळ्यांना किटभोवती बोलवा.

आणि २३० व्होल्टचा कॉन्टॅक्टर ह्या चार दिवसांत किटला जोडू नका, २४ व्होल्टचे दिवे पुरतात. आदल्या संध्याकाळी केबल लावून कॉम्प्युटरला कुठला COM नंबर मिळतोय तो बघून ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. यूएसबीचं खोबण बदललं की नंबरही बदलू शकतो, आणि मग पहिला अर्धा तास ‘सर, कनेक्ट होत नाहीये’ ऐकण्यात जातो. पॅच कॉर्ड मल्टिमीटरने तपासून घ्या. आमच्याकडे दर टर्मला दोन-तीन आतून तुटलेल्या निघतात. त्या मी फेकत नाही, वेगळ्या डब्यात ठेवतो. चौथ्या प्रॅक्टिकलला कामाला येतात.