एकरी खर्च काढला आणि ओढ्याकाठचा तुकडा उघडा पडला : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : दोन वर्षं झाली वही ठेवतोय, बियाणं खत मजुरी सगळं लिहितो, हंगाम संपला की एकूण खर्च आणि एकूण आलेले पैसे लावून नफा काढतो. मग परत एकरी खर्च काढून वेगळं काय कळणार?

हे एका शेतकऱ्याच्या वहीवरून सांगतो, कारण अगदी हाच प्रश्न त्यांनी पण मला विचारला होता आणि उत्तर त्यांच्याच वहीत पडलेलं होतं. 6 एकर सोयाबीन होतं, 4 एकर वरच्या अंगाला आणि 2 एकर ओढ्याकाठी खोलगट भागात. हंगामाचा सगळा खर्च 1,10,000, माल 48 क्विंटल, विकला क्विंटलला 3,000 ने, म्हणजे आले 1,44,000 आणि नफा 34,000. (आकडे सोपे केलेत, चलन तुमचं जे असेल ते धरा.) हंगाम बरा गेला असं म्हणून वही मिटली होती त्यांनी.

त्यांची एक सवय मात्र फार चांगली होती, रोजच्या रोज तारीख टाकून लिहायचे आणि समोर "वर" किंवा "ओढा" एवढा एक शब्द टाकायचे, कोणते मजूर कुठे गेले ते लक्षात रहावं म्हणून. आम्ही दोघं बसलो आणि त्या एका शब्दावरून दोन बेरजा वेगळ्या केल्या. वरच्या 4 एकरावर 64,000 गेलेले, म्हणजे एकरी 16,000, आणि माल 36 क्विंटल, एकरी 9. ओढ्याच्या 2 एकरावर गेले 46,000, म्हणजे एकरी 23,000, आणि माल फक्त 12 क्विंटल, एकरी 6.

आता हिशोब बघा. वरती एकरी 27,000 आले त्यातून 16,000 गेले, 11,000 राहिले, चार एकराचे 44,000. ओढ्याला एकरी 18,000 आले आणि 23,000 गेले, दोन एकरात 10,000 तोटा. 44 मधून 10 गेले की तेच 34,000 राहतात, बेरीज कुठेच चुकलेली नव्हती, पण वरचं रान ओढ्याच्या रानाचा तोटा गिळत होतं आणि हे बहुतेक कितीतरी वर्षं चाललेलं असणार. सगळ्याचा सरसकट एकरी खर्च काढला असता तर 18,333 आला असता, आणि असा खर्च ना वरच्या रानात झाला होता ना ओढ्याच्या, म्हणून नुसता एकरी काढून पण भागत नाही, तो तुकड्यागणिक काढावा लागतो.

बरं एकरीच का, क्विंटलमागे का नाही असं पण मनात येईल. नांगरट, बियाणं, पेरणी, खुरपणी हे पैसे आपण एकरावर घालतो, आणि तेव्हा माल किती येईल हे कुणालाच माहीत नसतं. क्विंटलमागचा खर्च मळणी झाल्यावरच कळतो, एकरी खर्च पीक उभं असतानाच हातात असतो. त्याला अपेक्षित भावाने भागलं की पैसे फिटायला एकरी किती माल यायला पाहिजे ते निघतं. वरती 16,000 भागिले 3,000, म्हणजे साधारण सव्वापाच क्विंटल. ओढ्याला 23,000 भागिले 3,000, म्हणजे पावणेआठाच्या आसपास. त्या खोलगट रानात पावणेआठ क्विंटल यायची आशा किती, हे त्या शेतकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आकडा ऐकून ते बराच वेळ गप्प बसले होते.

प्रश्न : म्हणजे तोट्यातलं रान सरळ पडीक ठेवायचं ना? मी पण माझा एक तुकडा सोडायच्या विचारात आहे.

थांबा, एवढ्यात सोडू नका. इथे बरेच लोक चुकतात.

एकरी 23,000 मध्ये दोन जातीचा खर्च मिसळलेला असतो. एक जो पेरलं तरच होतो, बियाणं, खत, रोजंदारीचे मजूर, डिझेल, मळणी. दुसरा जो पेरा नाहीतर नका पेरू, होणारच असतो, म्हणजे ट्रॅक्टरची झीज, अवजारांची दुरुस्ती, घरच्या माणसांची धरलेली मजुरी. त्यांच्या वहीत हा दुसरा खर्च सहा एकराचा मिळून 36,000 होता, एकरी 6,000. तो काढला तर ओढ्याचा पेरणीमुळे होणारा खर्च राहतो एकरी 17,000, आणि आले होते 18,000. म्हणजे रान तोट्यात दिसत असलं तरी एकरी 1,000 त्या होणाऱ्याच खर्चाला हातभार लावत होतं. पडीक ठेवलं असतं तर ओढ्याच्या वाट्याचे 12,000 वरच्या रानाच्या डोक्यावर आले असते आणि एकूण नफा 34,000 वरून 32,000 झाला असता.

पण हे अगदी काठावरचं गणित आहे. भाव 3,000 ऐवजी 2,800 मिळाला तर 6 क्विंटलचे 16,800 च येतात आणि 17,000 पण निघत नाहीत, मग पडीक परवडतं. आणि घरच्या माणसांना तेवढ्याच दिवसात दुसरीकडे रोज मिळत असेल तर त्यांची मजुरी "होणारच" या खात्यात राहत नाही, ती पेरणीच्या खर्चात धरा. तुमच्या तुकड्याचे आधी हे दोन खर्च वेगळे करा आणि मग सोडायचं का ते ठरवा.

प्रश्न : ट्रॅक्टर घरचा, माणसं घरची. हा खर्च कुठल्या पिकाला कसा लावायचा? मी तर लिहितच नाही.

लिहा, नाहीतर ज्या पिकात घरचे लोक सगळ्यात जास्त राबतात तेच पीक सगळ्यात स्वस्त दिसेल. पैसे लिहायला अवघड वाटत असेल तर नुसते तास लिहा, "ट्रॅक्टर, ओढा, 3 तास" एवढं पुरे. त्या शेतकऱ्यांनी आधी 36,000 एकरावर सारखे वाटले होते, वर दाखवलेले आकडे तसेच आहेत. नंतर तास मोजले तर हंगामातल्या 60 तासांपैकी 24 तास ओढ्याच्या दोन एकरात गेलेले, ओल्या रानात चाक रुततं, फेऱ्या वाढतात. तासावर वाटलं की ओढ्याला 14,400 आले, म्हणजे एकरी 6,000 च्या जागी 7,200, आणि वरचं रान एकरी 5,400 वर आलं. तासाची वाटणी मला जास्त खरी वाटते, पण तास लिहिले नसतील तर आठवून अंदाज ठोकू नका, सरळ एकरावर वाटा आणि तसं वहीत लिहून ठेवा. एक हंगाम एका पद्धतीने आणि दुसरा दुसऱ्या पद्धतीने केला तर दोन वर्षांची तुलनाच होत नाही.

प्रश्न : एकर कुठलं धरायचं? कागदावर जे आहे तेच ना?

नाही, पेरलेलं धरायचं. ओढ्याचा तुकडा ते वर्षानुवर्षं अडीच एकर म्हणत आले होते. बांध, झाडोरा, ओढ्याची ढासळलेली कड सोडून टेप धरली तर 300 फूट बाय 290 फूट भरलं, गुणाकार 87,000 चौरस फूट, त्याला एकराच्या 43,560 चौरस फुटांनी भागलं की जवळजवळ 2 एकर. रान वेडंवाकडं असेल तर त्याचे चौकोन आणि त्रिकोण पाडून वेगवेगळे मोजा, किंवा मोबाईलमधल्या जीपीएसने कडेकडेने चालत फेरी मारा आणि दोनदा मारा, आकडे जुळले तरच धरा.

या अर्ध्या एकराने काय केलं होतं बघा. 46,000 भागिले अडीच केलं की एकरी 18,400 येतं, खऱ्या 23,000 पेक्षा इतकं कमी की खर्चावर कुणाला शंकाच येऊ नये. आणि माल मात्र एकरी 4.8 क्विंटल दिसतो, म्हणून ते दरवर्षी बियाण्याला दोष देऊन वाण बदलत होते! वर बियाणं पण अडीच एकराचं आणून दोन एकरात पडत होतं, म्हणजे सव्वापट दाट पेरणी, आणि सोयाबीन दाट झालं की उंच वाढून लोळतं.

प्रश्न : पेरणीनंतर पाऊस साचला, निम्मं उगवलंच नाही. दुबार पेरणी करू का नको, हे एकरी खर्चावरून ठरतं का?

ठरतं, पण तोपर्यंत झालेला खर्च त्यात धरायचा नाही. तो गेला, दुबार केली काय नाही केली काय परत येत नाही. फक्त आता नव्याने किती घालावे लागतील ते बघा. ओढ्याला दुबारचं बियाणं आणि पेरणी एकरी 3,500, आणि रान मोकळं राहिल्याने तण माजलं त्याच्या जादा खुरपण्या अजून 3,500, असे 7,000 गेले होते. वरच्या आणि ओढ्याच्या एकरी खर्चात जो फरक आहे तो हाच. 7,000 भागिले 3,000 म्हणजे सव्वादोन क्विंटलहून जरा जास्त. मग प्रश्न असा की आहे ते विरळ पीक ठेवलं तर जितकं येईल त्यापेक्षा दुबारचं एकरी तेवढं जास्त येईल का? पेरणी जितकी उशिरा तितकं उत्पन्न घटतं, हे धरून अंदाज करा. हो वाटत असेल तर करा, एक-दीड क्विंटलचाच फरक वाटत असेल तर आहे ते राखा, मोठ्या फटीत तेवढं बी टोका.

प्रश्न : मग त्या शेतकऱ्याने पुढच्या हंगामात काय बदललं?

जास्तीचे 7,000 कुठून आले हे वहीत तारखेनिशी होतंच, मूळ सगळं साचलेल्या पाण्यात. त्यांनी ओढ्याच्या तुकड्याला वरच्या कडेने चर खोदला, 6,000 लागले. चर तीन हंगाम टिकेल असं धरून एका हंगामाचे 2,000, एकरी 1,000 लावले, सगळे पहिल्याच वर्षावर टाकले असते तर ते वर्ष उगाच वाईट दिसलं असतं. पेरणी रुंद वरंबा सरीवर केली, जादाचं पाणी सरीतून निघून गेलं आणि वाफसा लवकर आला. वरंब्याची तयारी आणि एक जादा खुरपणी मिळून एकरी 1,500. बियाणं बरोबर 2 एकराचं आणलं. एकरी खर्च 18,500 वर आला, दुबार लागली नाही, माल एकरी 8 क्विंटल झाला आणि त्याच भावाने एकरी 5,500 राहिले.

यंदा त्यांनी वहीत "वर" चे पण दोन भाग केलेत, "वर-मुरूम" आणि "वर-काळी", मुरमाड अंगाला खत जास्त जातंय असा त्यांना संशय आहे, मळणी झाली की कळेल.