जड शब्दांपेक्षा वाक्याची बांधणी तपासा

‘मी मराठी विषय घेऊन बी.ए. केले आहे आणि जाहिरात लेखनात करिअर करायचे आहे. पुण्यातील एका जाहिरात संस्थेने चाचणी म्हणून गृहकर्जाची जाहिरात सोप्या बोलीत लिहायला दिली. मूळ मजकूर असा होता : “आपल्या स्वप्नातील निवासस्थानाच्या स्वामित्वाकरिता आमच्या संस्थेमार्फत अत्यल्प व्याजदराने गृहकर्ज उपलब्ध करून देण्यात येत आहे. इच्छुकांनी आवश्यक कागदपत्रांसह नजीकच्या शाखेशी त्वरित संपर्क साधावा.” माझा पहिला प्रयत्न पुस्तकी ठरला. दुसऱ्यात मी “घर हवंय ना बॉस? मग टेन्शन कशाला!” असे लिहिले, तर तो थिल्लर ठरला. माझे नेमके काय चुकते आहे?’

तुम्ही दोन्ही वेळा शब्द बदललेत, वाक्य मात्र बदलले नाहीत. हा मजकूर जड होण्याचे मुख्य कारण ‘निवासस्थान’ किंवा ‘स्वामित्व’ हे शब्द नाहीत. ‘स्वप्न’, ‘व्याज’ आणि ‘शाखा’ हेही संस्कृत शब्दच आहेत, पण ते कोणाला अडत नाहीत. अडते ते ‘उपलब्ध करून देण्यात येत आहे’ या रचनेत, कारण त्यात कोण देतो आणि कोणाला देतो, हे दोघेही नाहीसे झाले आहेत. समोरच्या माणसाशी बोलताना आपण असे वाक्य कधीच उच्चारत नाही. आपण ‘आम्ही देतो’, ‘तुम्ही या’ असे म्हणतो. म्हणून पहिले काम म्हणजे प्रत्येक वाक्यात कर्ता परत आणणे आणि ‘स्वामित्वाकरिता’सारख्या नामात दडलेले क्रियापद मोकळे करणे.

दुसरे काम अधिक कष्टाचे आहे. ‘अत्यल्प’, ‘आवश्यक’, ‘त्वरित’ हे शब्द बहुधा न दिलेली माहिती झाकण्यासाठी येतात. ‘अत्यल्प’चे ‘एकदम कमी’ केल्याने काहीच साधत नाही. तेथे व्याजाचा दर किती आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे ग्राहक संस्थेला, म्हणजे जाहिरात करून घेणाऱ्या कर्जसंस्थेला, विचारून घ्यावे लागते. शिवाय कर्ज घेणारा माणूस घरी व्याजदराबद्दल कमी आणि हप्त्याबद्दल जास्त बोलतो. समजा दर ९ टक्क्यांपासून सुरू होत असेल, तर त्या दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या १० लाखांचा मासिक हप्ता सुमारे ८,९९७ रुपये येतो. एवढे हाती आले की मजकूर असा होऊ शकतो :

‘घर पसंत पडलंय, पण पैशांचं जमत नाहीये? या, आपण बसून हिशेब करू. व्याज ९ टक्क्यांपासून. या दरानं १० लाख २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता ९ हजारांच्या आसपास येतो. येताना आधार, पॅन आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घेऊन या.’

यात ‘आपण’ हा शब्द मुद्दाम एकदाच आला आहे. मराठीत ‘आपण’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ही होतो आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ही होतो, मूळ मजकुरातील ‘आपल्या’ने दुरावा निर्माण होतो, तर ‘आपण बसून हिशेब करू’ने तोच शब्द जवळीक आणतो. तुमचा ‘बॉस’ येथे खटकला, कारण वीस वर्षांचे कर्ज घेऊ पाहणाऱ्या माणसाशी शाखेतील कोणीही तसे बोलत नाही. सौम्य, घरगुती बोली आणि कट्ट्यावरची बोली यांतील फरक पाळावाच लागतो.

लेखनातही एकवाक्यता हवी. ‘पडलंय’, ‘दरानं’ अशी अनुस्वाराची बोलीरूपे एकदा स्वीकारली, की मध्येच ‘दराने’ किंवा ‘पैशांचे’ येता कामा नये, कारण वाचणाऱ्याचा कान तेथे लगेच अडखळतो. मला वाटते, चाचणी तपासणारे सर्वप्रथम हेच पाहत असावेत.

मात्र सोपे करताना अर्थ घसरू देऊ नका. ‘९ टक्क्यांपासून’मधील ‘पासून’ बोलताना सहज गळतो आणि मग जाहिरात खोटी ठरते, कारण प्रत्येकाला तोच दर मिळेलच असे नसते. हप्त्याच्या वाक्यातील ‘या दरानं’ हे शब्दही त्याच कारणासाठी आहेत. ‘भाड्याएवढ्या हप्त्यात घर’ ही ओळ कानाला गोड लागेल, पण कोणाचे भाडे किती हे आपल्याला ठाऊक नसल्यामुळे ती मी लिहिणार नाही. अटींची वैधानिक ओळ जशी मंजूर झाली असेल तशीच ठेवावी, तिला बोलीत आणायला जाऊ नये.

मजकूर तयार झाला की घरातील अशा व्यक्तीला एकदाच मोठ्याने वाचून दाखवा, जिने मूळ जाहिरात पाहिलेली नाही. ती जेथे ‘म्हणजे?’ असे विचारेल, ते वाक्य पुन्हा लिहा. आणि ऐकून झाल्यावर तिने हप्ता किती व काय घेऊन जायचे हे स्वतःहून सांगितले, तर मजकूर जमला असे समजा. पुढच्या मुलाखतीला जाताना वर्तमानपत्रातील अशा तीन जाहिराती निवडा. प्रत्येकीचा मूळ मजकूर, तुमचे रूपांतर आणि ग्राहक संस्थेला विचारावे लागतील असे प्रश्न एकाच पानावर मांडून ती तीन पाने सोबत न्या.