जोतीराव फुल्यांचे गुरू कोण, हे त्यांच्याच लिखाणातून शोधताना

प्रश्न: महात्मा फुल्यांचे खरे गुरू कोण? कुणी लहुजी वस्ताद म्हणतं, कुणी मिशनरी, कुणी इंग्रज लेखक टॉमस पेन. त्यांच्या स्वतःच्या लिखाणावरून आणि समकालीनांच्या आठवणींवरून हे ठरवता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. मात्र प्रत्येक मजकूर कोणत्या साली आणि कुणासाठी लिहिला गेला, हे आधी पाहावं लागतं.

सगळ्यात जवळचा पुरावा १८५३ सालचा आहे. ‘ज्ञानोदय’च्या १५ सप्टेंबरच्या अंकात जोतीरावांनी आपल्या कामाची हकिगत दिली. त्यात ते मुलींच्या शाळेची प्रेरणा अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधल्या मिस फरार यांच्या शाळांशी जोडतात. मित्राबरोबर नगरला जाऊन त्या शाळा पाहिल्या आणि मग पुण्यात शाळा काढली, असा तो क्रम. तेव्हा ते पंचविशीत होते आणि शाळा निघून पाचच वर्षं झाली होती. ‘ज्ञानोदय’ मिशनचंच पत्र होतं, त्यामुळे मिशनचा उल्लेख तिथे ठळक असणं साहजिक. पण नगरची ती भेट घडवून आणणारे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे हे मिशन शाळेतले त्यांचे ब्राह्मण सोबती होते, हे विसरू नये. मिस फरार हे नाव सगळे घेतात, गोवंडे मात्र मागे पडतात. मला हे अन्यायाचं वाटतं.

आता १८८२ सालचं शिक्षण आयोगापुढचं निवेदन घ्या. त्यात जोतीराव लिहितात की मिशनऱ्यांची मुलींची शाळा पुण्यात होती, पण देशी लोकांची नव्हती, म्हणून साधारण १८५४च्या सुमारास आपण ती काढली. पहिली शाळा १८४८ची, म्हणजे स्वतः जोतीरावांच्या आठवणीतही सहा वर्षं सरकली आहेत. इथे मिस फरार यांचं नाव नाही. सरकारपुढे बोलताना त्यांचा भर देशी प्रयत्नावर आहे. तारखांसाठी १८५३चा मजकूर वापरा आणि १८८२चं निवेदन त्यांनी आपल्या कामाकडे मागे वळून कसं पाहिलं, हे समजण्यासाठी वाचा.

लहुजींचा उल्लेख ‘गुलामगिरी’त (१८७३) आहे, तो नंतर कुणी घुसडलेला नाही. दांडपट्टा आणि गोळीनिशाण आपण लहुजीबुवांकडे शिकलो, असं जोतीराव स्वतः सांगतात. पण त्याच ओघात तेव्हा इंग्रजांचं राज्य उलथवण्याचा विचार डोक्यात होता आणि तो ब्राह्मण विद्वानांच्या शिकवणीतून आला होता, असंही ते लिहितात. पुस्तकातल्या त्यांच्या एकूण भूमिकेत तो विचार मागे टाकलेला आहे. म्हणून लहुजी त्यांचे तालमीतले वस्ताद होते हे पक्कं, आणि माझ्या दृष्टीने ती छोटी गोष्ट नाही. मांग समाजातल्या माणसाला माळ्याच्या मुलाने वस्ताद मानलं, त्या काळात. विचारांचे गुरू म्हणायला मात्र हा उतारा पुरत नाही.

समकालीनांच्या आठवणींत एक मोठी अडचण आहे. जोतीरावांचं मिशन शाळेतलं शिक्षण १८४७ला संपलं. सत्यशोधक चळवळीतले त्यांचे नामवंत सहकारी पाहा: नारायण मेघाजी लोखंडे १८४८चे, कृष्णराव भालेकर १८५०चे. म्हणजे ज्यांनी जोतीरावांना जवळून पाहिलं, त्यांच्यापैकी बहुतेकांचा जन्म ही जडणघडण झाल्यानंतरचा आहे. सगुणाबाईंनी सांभाळ केला, गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेबांनी वडिलांची समजूत घालून मुलाला पुन्हा शाळेत घातलं, हे आपण चरित्रांतून वाचतो. ते खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण अशा गोष्टी सांगणाऱ्याने त्या जोतीरावांच्या घरात ऐकल्या की डोळ्यांनी पाहिल्या, हा प्रश्न प्रत्येक आठवणीला विचारायला हवा. डोळ्यांनी पाहणारे म्हणजे सावित्रीबाई, गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे अशी मोजकी मंडळी.

राहिला टॉमस पेन. १८४७ साली मित्रांनी मिळून ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, हे चरित्रांत ठरलेलं वाक्य आहे. मी त्या सालापेक्षा ग्रंथातल्या खुणांकडे जास्त पाहतो. मरणोत्तर १८९१ला आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना जन्मतः सारखे हक्क दिले आहेत, ही भूमिका वारंवार येते. पेनही माणसाचे हक्क थेट निर्मितीपर्यंत नेऊन भिडवतो. देवाने कुणा एकाच्या हाती ग्रंथ सोपवला हे जोतीराव नाकारतात, तो सूर मात्र ‘राइट्स ऑफ मॅन’पेक्षा पेनच्याच ‘एज ऑफ रीझन’शी अधिक जुळतो. तेव्हा पेनचा प्रभाव मोजायचा असेल तर ही दोन्ही पुस्तकं ‘सार्वजनिक सत्यधर्मा’शेजारी ठेवून वाचा, आणि मधला दुवा म्हणून १८५५चं ‘तृतीय रत्न’ही घ्या. त्या नाटकात कुणबी जोडप्याशी वाद घालून त्यांचे डोळे उघडणारा पाद्री आहे, आणि शेवटी ते जोडपं शिकायला निघतं.