चार बेड, आधी कोणाकडे?

प्रश्न: पुढच्या आठवड्यात स्टाफ नर्सची मुलाखत आहे. ‘एकाच वेळी चार पेशंट, आधी कोणाकडे जाल?’ असे प्रसंग विचारतात म्हणे. एबीसी पाठ आहे, पण उत्तर नक्की कसं द्यायचं?

वॉर्ड इन्चार्ज म्हणून मी मुलाखती घ्यायला बसते. मी नेहमी विचारते तोच प्रसंग सांगते.

तुम्ही नुकतीच ड्युटी घेतली आहे. बेड १ वर सीओपीडीचे जुने पेशंट, ऑक्सिजन ९० टक्के, गप्पा मारतायत. बेड २ वरच्या बाईंचं पोटाचं ऑपरेशन चार तासांपूर्वी झालंय. पल्स ८४ होता तो ११८ झालाय, बीपी १३०/८० वरून ११०/७० वर आलंय, त्या सारख्या कूस बदलतायत, पण तक्रार काही नाही. बेड ३ वर पायाला नवं प्लास्टर घातलेला तरुण दुखण्याने ओरडतोय. बेड ४ चं अँटिबायोटिक अर्धा तास उशिरा झालंय.

बरेच जण ऑक्सिजनचा आकडा बघून बेड १ कडे धावतात. एबीसीत श्वास आधी येतो ना! पण सीओपीडीत बहुतेक वेळा ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं आणि ते सलग बोलतायत, म्हणजे आत्ता घाई नाही. उलट आकडा वाढवायला ऑक्सिजन भरमसाट सोडलात तर त्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो.

आधी बेड २. बीपी ११०/७० एरवी कोणालाही बरंच वाटेल, पण इथे ते कुठून खाली आलंय ते बघायचं. रक्त जात असलं तरी शरीर सुरुवातीला बीपी सावरून धरतं. ते घसरण्याआधीच पल्स वाढतो, श्वास वाढतो, माणूस बेचैन होतो, हातपाय गार पडतात. मी नवीन असताना अशाच एका पेशंटचं ड्रेसिंग वरून कोरडं दिसलं म्हणून पुढे गेले होते. सीनियर सिस्टरने कमरेखाली हात घातला तर चादर ओली होती. रक्त कुशीवरून ओघळून पाठीखाली साचलं होतं. तेव्हापासून मुलाखतीत कोणी ‘ड्रेसिंगबरोबर पाठीखालीही बघेन’ म्हणालं की मी मान वर करून ऐकते. आणि हेही लक्षात ठेवा, पोटाच्या आत रक्त साचत असेल तर ड्रेसिंग, चादर, ड्रेन सगळं स्वच्छ दिसू शकतं.

मग काय कराल ते क्रमाने बोला. पेशंटजवळ थांबून मदतीला हाक मारेन, आडवं झोपवेन, सगळे व्हायटल्स पुन्हा घेईन, ड्रेन आणि लघवीचं प्रमाण बघेन, आयव्ही लाइन चालू आहे ना ते तपासेन आणि लगेच डॉक्टरांना कळवेन. ‘सलाईन जोरात सोडेन’ असं परस्पर म्हणू नका; डॉक्टरांची ऑर्डर किंवा वॉर्डचा ठरलेला प्रोटोकॉल असेल त्याप्रमाणे, असं म्हणा.

फोनवर काय बोलाल तेही आम्ही विचारतो. ‘डॉक्टर, पेशंट बरं नाही’ हे उत्तर नव्हे. एसबार पद्धतीने असं बोला: ‘बेड २, चार तासांपूर्वी पोटाचं ऑपरेशन, पल्स ८४ वरून ११८, बीपी १३०/८० वरून ११०/७०, बेचैन आहेत. आतून रक्त जात असावं असं मला वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा.’ हे चारदा मोठ्याने बोलून बघा, मनातल्या मनात नको.

दुसरा नंबर बेड ३ चा. ओरडणाऱ्याकडे आधी जाणं चूक, पण त्याला ‘नाटक करतोय’ म्हणून शेवटी टाकणं जास्त महागात पडतं. औषध देऊनही दुखणं वाढत असेल, पायाची बोटं हलकेच ताणली तरी कळ येत असेल, बोटं बधिर असतील, तर कंपार्टमेंट सिंड्रोमची शंका घेऊन तातडीने कळवायचं. पायाची नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका, ती बऱ्याचदा शेवटपर्यंत लागते. तुम्ही बेड २ सोडू शकत नाही, म्हणून इथे दुसऱ्या सिस्टरला पाठवेन म्हणा. हे तपासणं मदतनिसावर सोपवू नका. अँटिबायोटिक त्यानंतर, आणि उशीर का झाला याची नोंद करायची.

एवढं नीट सांगितलंत की आम्ही हटकून खोच टाकतो: ‘डॉक्टर फोन उचलत नाहीत.’ इथे ‘पुन्हा करेन’ म्हणून थांबू नका. त्यांच्या वरच्या डॉक्टरांना लावेन, इन्चार्जना सांगेन, इमर्जन्सी टीम असेल तर बोलावेन, आणि कोणाला किती वाजता फोन केला ते चार्टवर लिहीन. आम्हाला ती वेळ लिहिण्याची गोष्ट ऐकायची असते.