मुलगी जन्मली बांबोळीत, म्हणून डोमिसाईल अडत नाही

प्रश्न : आम्ही कुडाळ तालुक्यातले. मुलगी पहिली ते सातवी गावच्या जिल्हा परिषद शाळेत आणि आठवीपासून कुडाळात शिकली. यंदा तिने बारावी सायन्स दिली, नीट आणि सीईटीही दिली. डोमिसाईलचा अर्ज सेतूतून केला, तो परत आला. शेरा होता, 'जन्म महाराष्ट्राबाहेर, रहिवास पुरावा अपूर्ण'. तिचा जन्म गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात झाला, कारण माझ्या पत्नीचं माहेर पेडण्याचं. घरात यावरून रोज वाद होतात. तेव्हा ओरोसला नेलं असतं तर आज ही वेळ आली नसती, असं मी तिला बोललो. आता मुलगी म्हणते, माझ्यामुळे एवढं होत असेल तर मी मेडिकलचा फॉर्मच भरत नाही. शाळा ओळखीची आहे. दाखल्यावर जन्मठिकाण कुडाळ करून घेतलं तर चालेल का? रेशनकार्डावर आडनाव घाडी आहे, मुलीच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर घाडीगावकर आहे, त्याचंही काय करायचं ते कळवा. – एक पालक

उत्तर :

नमस्कार. दाखला बदलायचा नाही. हे आधी सांगतो, कारण बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही. शाळा सोडल्याचा दाखला ही जनरल रजिस्टरची नक्कल असते. पहिलीत नाव घातलं तेव्हा जन्मठिकाण काय लिहिलं, ते गावच्या शाळेच्या रजिस्टरात आजही तसंच आहे. पुढे कुडाळच्या शाळेत ते त्यावरूनच उतरलं. तुम्ही एका कागदावर कुडाळ लिहून घेतलंत तर दोन शाळांचे कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देतील. आणि अर्जासोबतच्या स्वयंघोषणापत्रावर 'वरील माहिती खरी आहे' असं लिहून सही होते. मुलगी अठराची झाली असेल तर ती सही तिची. पडताळणीत कागद खोटा निघाला तर मिळालेला प्रवेश रद्द होतो, मग ती दुसऱ्या वर्षाला असली तरी. म्हणजे बापाच्या ओळखीची किंमत मुलीने मोजायची. ओळख चांगली असेल तर तिचा दुसरा उपयोग आहे, तो खाली सांगतो.

आता पत्नीला जे बोललात त्याबद्दल. सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांतली मुलं बांबोळीत जन्मली आहेत. अवघड बाळंतपण, अपघात, हृदयाचा त्रास, काहीही असलं की आपल्याकडची गाडी बांद्यावरून गोव्यातच उतरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या वेळी जे हॉस्पिटल जवळ आणि भरवशाचं वाटलं तिथे पत्नी गेली आणि मुलगी सुखरूप घरी आली. त्यावर अठरा वर्षांनी खटला भरलात, तोही मुलीच्या समोर. तिने त्यातून काय अर्थ काढला ते तुम्हीच लिहिलं आहे : दोष माझ्या जन्माचा आहे. फॉर्म भरत नाही असं ती म्हणते त्यात मेडिकलची नावड मला दिसत नाही, घरातलं भांडण थांबवायचा तिला सापडलेला तो एक उपाय दिसतो. आणि जिच्यावरून हे सगळं चाललं आहे ती गोष्ट मुळात अडचण नाहीच.

डोमिसाईल जन्मावर मिळतं, हा समज कोकणात फार घट्ट आहे. या कागदाचं पूर्ण नाव वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र. त्यातल्या अधिवासासाठी तहसील कार्यालय बघतं ते महाराष्ट्रातलं दहा वर्षांचं वास्तव्य. कुणी बांबोळीत जन्मला, कुणी बेळगावात, कुणी दुबईत, तरी दहा वर्षं इथे राहिल्याचा पुरावा असेल तर प्रमाणपत्र मिळतं. उलट कुडाळच्या दवाखान्यात जन्मून लहानपणापासून पणजीत वाढलेल्या मुलाला नुसत्या जन्मदाखल्यावर ते मागता येत नाही. हा गोंधळ का झाला तेही सांगतो. इंजिनीअरिंगच्या प्रवेशात दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेल्यांना डोमिसाईल किंवा महाराष्ट्रातल्या जन्माचा पुरावा, दोन्हीपैकी एक चालतं. त्यामुळे दाखल्यावर जन्मठिकाण सावंतवाडी किंवा मालवण असलेल्या मुलांचं डोमिसाईलवाचून भागतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, जन्म हाच नियम. तुमच्या मुलीला ती पळवाट नाही एवढंच. तिला इंजिनीअरिंगलाही डोमिसाईल लागेल. मेडिकलच्या राज्य कोट्याला तर ते सगळ्यांनाच लागतं, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. तिची ती आहेच. खरं संकट कुणावर येतं सांगू? दोडामार्ग-बांद्याकडची काही मुलं म्हापशाला राहून गोवा बोर्डाची दहावी करतात. त्यांच्याकडे डोमिसाईल असलं तरी सर्वसाधारणपणे मेडिकलच्या राज्य कोट्यात त्यांना घेत नाहीत. तुमच्यावर ती वेळ नाही.

आता शेऱ्याचा उरलेला अर्धा भाग वाचा. 'रहिवास पुरावा अपूर्ण.' अर्ज परत आला तो याच्यामुळे. काय काय जोडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण असे परत आलेले अर्ज मी बघतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा हेच असतं : आधार, सातबारा, कॉलेजचा दाखला आणि तलाठ्याचा रहिवासी दाखला. चारही कागद खरे, पण त्यांतून दहा वर्षं दिसत नाहीत. आधारवर आजचा पत्ता असतो, तिथे कधीपासून राहता ते नसतं. सातबारा पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, पण आपल्याकडचा सातबारा म्हणजे आजोबा, त्यांचे भाऊ, मुंबईचे चुलते अशी हिस्सेदारांची यादी. त्यावर नाव असलेले अर्धे लोक गणपतीलाच गावात येतात, हे तहसीलदारालाही माहीत असतं. त्यावरून नात कुठे राहते ते कळत नाही. कॉलेजचा कागद दोनच वर्षं सांगतो. आणि रहिवासी दाखल्यावर 'सदर इसम या गावचा रहिवासी आहे' एवढंच असेल, कधीपासून ते नसेल, तर तोही कामाचा नाही.

तुमच्या मुलीची दहा वर्षं शाळेच्या कागदांत आहेत. ती जून 2014 ला पहिलीत गेली असं धरतो. गावच्या शाळेतून बोनाफाईड घ्या. त्यावर 'शिकत होती' एवढं चालणार नाही. प्रवेशाची तारीख आणि शाळा सोडल्याची तारीख, म्हणजे जून 2014 ते मे 2021, स्पष्ट हवी. मग कुडाळच्या हायस्कूलचा तसाच कागद, जून 2021 ते दहावीपर्यंत. मग कनिष्ठ महाविद्यालयाचा, 2024 ते 2026. तीन कागद शेजारी ठेवून तारखा जुळतात का बघा. एकाची शेवटची तारीख आणि पुढच्याची पहिली यांत एखादं वर्ष गायब दिसलं तर कारकुनाचं बोट तिथेच जातं, आणि बहुतेकदा ती शाळेची लिहिण्यातली चूक असते. ओळखीच्या शाळेला भेटायचं ते यासाठी : रजिस्टर उघडून खऱ्या तारखा नीट लिहून द्या म्हणावं. हे झालं की बारा वर्षं सलग दिसतात, दहाच्या वर.

बाकीचे कागद सोपे आहेत. ओळखीसाठी आधार. पत्त्यासाठी वीजबिल किंवा ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती. वयासाठी दहावीचं प्रमाणपत्र किंवा प्राथमिक शाळेच्या प्रवेश नोंदीचा उतारा चालतो, गोव्याचा जन्मदाखलाच हवा असं नाही. असला तर लपवायचंही कारण नाही. मुलगी अजून अठराची नसेल तर अर्जदार तुम्ही आणि वयाचा पुरावा सक्तीचा. रहिवासी दाखला पुन्हा घ्या आणि त्यात किती वर्षांपासून ते लिहून मागा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण दाखला तोच. प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेच्या स्टॅम्पचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. विद्यार्थ्यांच्या अशा दाखल्यांना ते शुल्क 2025 मध्ये माफ झालं आहे.

आडनावाचं. घाडी आणि घाडीगावकर एकच, हे गावात कुणालाही विचारा. संगणकापुढे बसलेल्या माणसाला ती दोन कुटुंबं दिसतात. मुलीचे आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि तिन्ही शाळांचे कागद एकाच आडनावाचे असतील तर तेच पुढे करा आणि पत्त्यासाठी रेशनकार्डाऐवजी तुमच्या नावचं वीजबिल लावा, त्यावर घाडीगावकर असेल तर. घर अजून आजोबांच्या नावावर असेल आणि तिथेही घाडी असेल, तर दोन्ही आडनावं एकाच कुटुंबाची असल्याचं स्वयंघोषणापत्र द्या आणि त्याला आधार म्हणून तुमचा स्वतःचा जुना शाळेचा दाखला जोडा. रेशनकार्ड पुरवठा शाखेत दुरुस्त करायला टाका, पण त्यासाठी हा अर्ज थांबवू नका. दुरुस्तीला लागायचा तेवढा वेळ लागतो आणि प्रवेशाची यादी तुमच्यासाठी थांबत नाही.

आणखी एक, कारण हा प्रश्न पुढे येणारच. डोमिसाईल कुडाळच्या तहसीलदाराने दिलं म्हणून ओरोसच्या मेडिकल कॉलेजात सिंधुदुर्गवाल्यांना वेगळ्या जागा नाहीत. राज्यातला 70:30 चा प्रादेशिक कोटा 2020 मध्येच गेला, आणि तोही जिल्ह्याचा कधी नव्हता. इंजिनीअरिंगला विद्यापीठ क्षेत्राच्या जागा असतात, पण त्या बारावी कुठून केली त्यावर ठरतात.

नवा अर्ज तुम्ही एकट्याने करू नका, मुलीला सोबत न्या. आपले सरकार पोर्टलवर लॉगिन तिच्या नावाने करू द्या, कागद तिला लावू द्या. कागद अपलोड करताना आधार आणि वीजबिलाच्या दोन्ही बाजू लागल्या आहेत का आणि शाळेच्या शिक्क्यावरचं वाचता येतं का, हे तिच्या डोळ्यांना तुमच्यापेक्षा लवकर दिसेल. मेडिकलचा फॉर्म भरायचा की नाही ते प्रमाणपत्र आल्यावर तिला विचारा, आणि ती सांगेल ते ऐका. तोवर या विषयावर जेवताना बोलणं बंद.

सेवा हमी कायद्याप्रमाणे या प्रमाणपत्राची मुदत पंधरा दिवसांची आहे. मे-जूनला तहसीलात गर्दी असते, म्हणून शाळेचे कागद या आठवड्यातच गोळा करा. पावती जपून ठेवा. पुन्हा परत आला तर शेरा शब्दशः उतरवून घ्या. त्यात नुसतं 'जन्म महाराष्ट्राबाहेर' एवढंच कारण असेल तर नवा अर्ज करू नका. 30 दिवसांच्या आत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करा आणि सोबत शाळेचे तेच तीन कागद जोडा.