ट्रेंड्सवरचा शंभर आणि उदगीरचा दुकानदार

"सर, गुगल ट्रेंड्सवर बिटकॉइनचा शोध शंभरला पोचला की विकायचं आन् खाली आला की घ्यायचं, एवढंच धरून चाललो होतो. गर्दी शिगेला गेली की भाव पडतोच ना? मग नियम पाळूनबी माझेच पैसे कसे बुडाले?"

२०२१च्या जूनमध्ये, पेरण्यांच्या तोंडावर, उदगीरकडचा एक तरुण लातूरला माझ्याकडे आला. बी-बियाणं-खताचं दुकान आहे. कंपनीकडून माल उचलायला ठेवलेल्या पैशांतले दोन लाख त्यानं बिटकॉइनमध्ये घातले होते. मी आधी त्याला तारखा लिहून काढायला लावल्या, कारण अशा माणसांना रक्कम पाठ असते आणि क्रम मात्र विसरलेला असतो.

गुगल ट्रेंड्स म्हणजे लोक एखादा शब्द किती शोधतात ते आलेखात दाखवणारं गुगलचं साधन. नियम त्यानं तिथल्या २०१७च्या आलेखावरून घेतला होता. त्या डिसेंबरात भाव वीस हजार डॉलरच्या जवळ गेला, शोधही त्याच सुमारास कळसाला होता आणि पुढं दोन्ही कोसळले. मागं वळून पाहिलं की फार सोपं दिसतं.

जानेवारी २०२१मध्ये भाव ४० हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा ट्रेंड्सनं १०० दाखवले. ह्यानं विकलं. भाव तीस हजारांकडं घसरला आणि नियमावर ह्याचा विश्वास बसला. मग फेब्रुवारीत टेस्लानं दीड अब्ज डॉलरची खरेदी जाहीर केली, भाव चढत गेला. एप्रिलच्या मध्यात तो ६५ हजारांच्या जवळ असताना शोधाची रेषा मात्र वर्षाच्या सुरुवातीच्या उंचीपेक्षा खाली होती. "अजून पब्लिक आलंच नाही," असं म्हणून ह्यानं ६३ हजारांच्या आसपास दोन लाख घातले. १९ मे रोजी भाव एका दिवसात ३० हजारांपर्यंत आपटून थोडा सावरला. त्या आठवड्यात शोध पुन्हा १०० झाला आणि ह्यानं नियमाप्रमाणं ३८ हजारांच्या आसपास विकून टाकलं. दोन लाखांचे साधारण एक लाख वीस हजार राहिले.

इथं दोन गोष्टी एकात एक मिसळल्या होत्या. पहिली म्हणजे तो आकडा. ट्रेंड्स शोधांची संख्या सांगत नाही. तुम्ही निवडलेल्या कालावधीतला सगळ्यात उंच बिंदू १०० धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात मांडतं. त्यामुळं शोध वाढत असेल तर ताजा बिंदू दर आठवड्याला १००च दिसणार! मेमध्ये नवा कळस आल्यावर जानेवारीचा १०० आपोआप खाली बसला. जिची इंच दर आठवड्याला ताणली जाते अशी फूटपट्टी घेऊन तो उंची मोजत होता. आज कळस आहे का, हे तो आकडा आज सांगूच शकत नाही. रेषा उतरल्यावरच कळतं, आणि तोवर भाव निघून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शोध म्हणजे लक्ष, हाव नव्हे. मी त्याला ट्रेंड्सवर मेचा आठवडा उघडून `Related queries`, म्हणजे त्यासोबत लोकांनी आणखी काय शोधलं ते, पाहायला लावलं. `how to buy bitcoin` टाइप करणारा आणि `why is bitcoin falling` टाइप करणारा, दोघंही 'बिटकॉइन'च्या रेषेत सारखेच मोजले जातात. मेची गर्दी बरीचशी घाबरून धावलेली होती. त्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचंही तसंच: एप्रिलमध्ये नफ्याचे स्क्रीनशॉट अधूनमधून, १९ मेनंतर दिवसभर पोस्टी. आधी भाव हलतो, मग बातमी होते, मग ग्रुपवर येते, मग लोक गुगल करतात. टोकाच्या वेळी हा उशीर जास्त महाग पडतो, कारण तिथं काही दिवसांत भाव अर्धा होतो.

झी डा, जोसेफ एंगेलबर्ग आणि पेंगजी गाओ यांचा २०११चा अमेरिकी शेअरवरचा अभ्यास आहे. शोध वाढल्यावर पुढचे दोनेक आठवडे भाव वरच राहण्याकडं कल होता आणि उलटा फेरा वर्षभरात केव्हातरी आला. म्हणजे दिशा कळाली तरी तारीख कळत नाही, आणि ह्याला तारीखच हवी होती.

नोव्हेंबरमध्ये भाव ६९ हजारांवर गेला तेव्हा शोध मेपेक्षा कमी होता. त्याचा फोन आला, "सर, आता घेऊ का?" मी विचारलं, दर रविवारी वहीत कालावधी तोच ठेवून आकडा टिपायला सांगितलं होतं, त्यात काय आहे? जूनपासूनची पानं होती. जुलैत भाव तीस हजारांखाली जाऊन उठला, त्या आठवड्यांत आकडा नुसता पडून होता; तळाचा इशारा वहीत कुठंच नव्हता. शिखराचाही नव्हता. त्यानं स्वतःच ठरवलं की आकडा एकदम उडाला तर नवीन पैसे टाकायचे नाहीत, एवढ्यापुरताच तो वापरायचा. आणि मालाचे पैसे चालू खात्यातून हलवायचे नाहीत, ही अट त्याच्या बायकोनं घातली. मला ती ट्रेंड्सपेक्षा पक्की वाटली.